बातमी ‘दरम्यान’च्या खाली होती

सोमवारी सकाळी सव्वासातला फोन आला. “दादा, साहेबांचं नाव शेवटच्या परिच्छेदात? आणि तेही नुसतं ‘आमदारांच्या हस्ते’? आम्ही दोन पानं पाठवली होती, तुम्ही एवढंसंच छापलंत. काही राग आहे का आमच्यावर?”

राग नाही. फोन करणारा कार्यकर्ता चांगला पोरगा आहे, रात्री-अपरात्री कुणालाही दवाखान्यात घेऊन जातो. पण त्याला फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहितोय. प्रेस नोट येते तेव्हा आम्ही तिचं काय करतो, का करतो, आणि त्यात आमचं कुठं चुकतं, हे वाचणाऱ्यांनाही माहीत असलेलं बरं. लांब आहे, सवडीनं वाचा.

शनिवारी संध्याकाळी जलशुद्धीकरण केंद्राच्या विस्तारीकरणाच्या भूमिपूजनाची प्रेस नोट व्हॉट्सॲपवर आली. दोन पानं, अकरा परिच्छेद, ७१२ शब्द, १९ नावं आणि चार फोटो. शीर्षक होतं, ‘शहराच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंद होणारा क्षण, जलशुद्धीकरण केंद्राच्या विस्तारीकरणाचा शुभारंभ दिमाखात’. पहिला परिच्छेद म्हणजे एकच वाक्य. त्यात विकासाचा ध्यास होता, जनतेच्या मनातलं अढळ स्थान होतं, शुभहस्ते आणि प्रमुख उपस्थिती होती. दुसऱ्या-तिसऱ्यात व्यासपीठावरची नावं, पदांसकट. चौथ्या ते सहाव्यात तीन भाषणं, तिन्हींचा सूर एकच. सातव्यात कामाचा खर्च, १८ महिन्यांची मुदत आणि ‘शहरवासीयांना लवकरच दररोज मुबलक पाणी’. आठव्यात आधीच्या पाच वर्षांतली कामं. नवव्यात ‘नागरिकांमध्ये समाधानाचे वातावरण’. अकराव्यात प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार आणि ‘मोठ्या संख्येने नागरिक उपस्थित होते’.

दहावा परिच्छेद मुद्दाम शेवटी सांगतोय. तो जसाच्या तसा देतो:

‘दरम्यान, सदर कामाअंतर्गत मुख्य जलवाहिनी जोडणीचे काम पुढील आठवड्यात हाती घेण्यात येणार असून त्या कालावधीत शहराच्या काही भागातील पाणीपुरवठा बंद राहणार आहे. त्यानंतरही काही काळ पाणीपुरवठा कमी दाबाने होण्याची शक्यता असल्याने नागरिकांनी पाणी जपून वापरून सहकार्य करावे, असे आवाहन करण्यात आले आहे.’

बातमी ही होती. बाकी सगळा कार्यक्रम.

आमच्या धंद्यात ‘दरम्यान’ हा शब्द फार कामाचा आहे. अनेक वर्षं प्रेस नोटा वाचल्यावर माझी सवय झाली आहे की आधी वरून वाचायचंच नाही. खालून वर यायचं आणि ‘दरम्यान’, ‘तसेच’, ‘याशिवाय’ कुठं आहे ते शोधायचं. लिहिणाऱ्याला जे सांगणं भाग असतं पण सांगायला आवडत नाही, ते बहुतेक वेळा या शब्दांच्या मागं लपलेलं असतं. प्रत्येक वेळी कुणी मुद्दाम लपवतं असंही नाही. प्रेस नोट लिहिणारा माणूस कार्यक्रम ज्या क्रमानं झाला त्याच क्रमानं लिहितो. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग भाषणं, शेवटी आभार. त्याला त्याचं साहेब वाचणार आहे, आणि साहेबांनी आधी काय बघायचं हे ठरलेलं आहे. पाणी बंदची सूचना अभियंत्यानं भाषणाच्या शेवटी केली, म्हणून ती लेखातही शेवटी आली. घडलेल्या क्रमानं लिहिलं की कार्यक्रमाचा अहवाल होतो. वाचणाऱ्याला आधी काय कळायला हवं त्या क्रमानं लिहिलं की बातमी होते.

हे मला कुणी पदविकेच्या वर्गात शिकवलं नव्हतं असं नाही. कोण, काय, कधी, कुठं, का, कसं हे सहा ककार आम्ही पाठ केले होते, उलटा पिरॅमिडही फळ्यावर काढला होता. पण खरं शिकलो ते आमच्या गल्लीतल्या काकूंकडून.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी तेव्हा नवाच तालुका वार्ताहर होतो. अशीच एक प्रेस नोट आली होती, अशीच लांब, आणि तिच्याही शेवटाला पाणी बंदची दोन वाक्यं होती. त्या दिवशी मला तीन बातम्या पाठवायच्या होत्या. मी नोट वाचली, वर ‘वार्ताहर’ टाकलं आणि आहे तशी पाठवून दिली. पानावर जागा होती, सगळीच्या सगळी छापून आली. फोटोसकट. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

दोन दिवसांनी काकूंच्या नातीचं बारसं होतं. साठ-सत्तर माणसं येणार होती. सकाळी नळाला पाणी नाही. काकांनी कार्यालयात फोन केला तर तिकडून उत्तर आलं, “पेपरला दिलं होतं की.” मग खासगी टँकर, त्याच्या मागं धावाधाव, आणि पंगत दोनला बसली. संध्याकाळी मी पेढे घ्यायला गेलो तर काकू म्हणाल्या, “अरे, तुझ्या पेपरात होतं म्हणे. मी वाचला होता रे पेपर. फोटो बघितला, आपल्या वॉर्डातल्या मेंबरचं नावसुद्धा वाचलं. पाणी कुठं लिहिलं होतंस?”

मी अंक काढून दाखवला. शेवटचा परिच्छेद, शेवटून दुसरी ओळ. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, “इथं कोण येतं वाचत?”

छापलं होतं, हे खरं. पण त्या छापण्याचा उपयोग फक्त कार्यालयाला झाला, ‘पेपरला दिलं होतं’ असं म्हणायला. ज्यांच्यासाठी छापलं त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. आणि तेव्हा निदान छापून तरी आलं. पानावर ऐनवेळी जाहिरात येते तेव्हा पान लावणारा बातमी खालूनच कापतो, कारण महत्त्वाचं वर असतं असा त्याचा विश्वास असतो. महत्त्वाचं खाली ठेवलं तर तेच आधी जातं.

आता शनिवारची नोट. दहावा परिच्छेद उचलून वर ठेवायचा, इतकं सोपं काम वाटत होतं. मी तो वर ठेवला आणि पहिलं वाक्य लिहायला घेतलं:

‘मुख्य जलवाहिनीच्या जोडणीसाठी पुढील आठवड्यात शहराच्या काही भागातील पाणीपुरवठा बंद राहणार आहे.’

लिहून बघितलं आणि लक्षात आलं की हे वाक्य छापता येणार नाही. पुढच्या आठवड्यात म्हणजे कोणत्या दिवशी? काही भागात म्हणजे कोणत्या? किती वेळ? ‘काही काळ कमी दाबाने’ म्हणजे किती काळ, आणि कुणाला? आवाहन केलं ते कुणी? दहाव्या परिच्छेदात असताना यातला एकही प्रश्न मला पडला नव्हता. तिथं ते वाक्य पूर्ण वाटत होतं, कारण तिथं कुणी त्याच्याकडून काही मागत नव्हतं. पहिल्या ओळीत आणल्यावर ते उघडं पडलं.

मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. बातमी वर घेणं म्हणजे परिच्छेदांची अदलाबदल नाही. वर घेतली की तिच्यात काय नाही ते दिसतं, आणि मग फोन करावा लागतो. जो प्रेस नोट नुसती कापतो आणि फोन करत नाही, त्यानं अर्धंच काम केलं. लांब अपुरी बातमी होती, ती आखूड अपुरी झाली.

शनिवारी रात्री पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी फोन उचलला नाही. कार्यक्रमानं दमले असतील. रविवारी सकाळी उचलला. माणूस सरळ आहे, विचारलं की सांगतो. बंद कधी? बुधवारी, १२ तारखेला सकाळी नऊपासून गुरुवारी रात्री नऊपर्यंत. म्हणजे ३६ तास. भाग कोणता? “बाजारतळाजवळच्या उंच टाकीवरचा सगळा.” आता हे ध्यानात घ्या, पाणीपुरवठा खातं वॉर्डाच्या हिशेबानं चालत नाही, टाकीच्या हिशेबानं चालतं. कोणत्या टाकीवरून कोणत्या वसाहतीला पाणी जातं ते त्यांना पाठ असतं, आपल्याला नसतं. म्हणून टाकीचं नाव आणि शहराची बाजू, दोन्ही घ्यावं लागतं. टाकी माझ्या लक्षात आली, म्हणजे शहराचा पूर्व भाग. पश्चिम भाग दुसऱ्या टाकीवर, तो सुरू राहणार.

मी पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं: ‘शहराच्या पूर्व भागाचा पाणीपुरवठा बुधवारी सकाळी नऊपासून ३६ तास बंद राहणार आहे.’

आता तारीख आली, भाग आला, वेळ आली. सहाच्या सहा ककार बसले. पाठवणारच होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, “म्हणजे आपल्याला शुक्रवारी पाणी. सोमवारचं शुक्रवारपर्यंत पुरवायचं.”

ती बरोबर होती आणि मी चुकलो होतो. आपल्याकडं पाणी दिवसाआड येतं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार. बुधवारची पाळी बुडाली की सोमवारनंतर एकदम शुक्रवार. ज्यांची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्यांचा गुरुवार बुडणार, त्यांना एकदम शनिवारी. कार्यालयाच्या दृष्टीनं बंद ३६ तासांचा. वाचणाऱ्याच्या घरात तो चार दिवसांचा. ३६ तास वाचून माणूस दीड दिवसाचं पाणी भरून ठेवतो, आणि गुरुवारी त्याची पिंपं कोरडी पडतात. आकडा खरा, बातमी दिशाभूल करणारी.

परत अभियंत्यांना फोन केला. ते म्हणाले, “हो, पाळीप्रमाणं तसंच होणार.” मग कमी दाबाचं विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं की गुरुवारी रात्री जोडणी झाली तरी वाहिनीतली हवा बाहेर काढावी लागते, वाहिनी धुऊन घ्यावी लागते, आणि मग रिकामी झालेली टाकी भरायला वेळ लागतो. अर्धवट भरलेल्या टाकीतून पाणी सोडलं की सखल भागातल्या घरांना मिळतं, उंचावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांना मिळतंच असं नाही. सरकारी भाषेतल्या ‘कमी दाबाने’चा अर्थ काही घरांच्या बाबतीत ‘नाहीच’ असा होतो, हे त्या दिवशी मला नीट कळलं. पहिलं येणारं पाणी गढूळ असेल, ते पिण्यासाठी भरू नये, हेही त्यांनीच सांगितलं. नोटेत ते नव्हतं.

सोमवारच्या अंकात शेवटी हे गेलं:

‘शहराच्या पूर्व भागात बुधवारी (ता. १२) आणि गुरुवारी (ता. १३) नळाला पाणी येणार नाही. ज्या भागाची पाळी आज, सोमवारी आहे, तेथे पुढचे पाणी थेट शुक्रवारी, तर मंगळवारची पाळी असलेल्या भागात शनिवारी येईल.

नव्या मुख्य जलवाहिनीच्या जोडणीसाठी बुधवारी सकाळी नऊपासून गुरुवारी रात्री नऊपर्यंत पुरवठा बंद ठेवला जाणार आहे, असे पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांनी सांगितले. बाजारतळाजवळच्या उंच टाकीवरून पाणी मिळणाऱ्या सर्व वसाहतींचा यात समावेश आहे. पश्चिम भागाचा पुरवठा सुरू राहील.

टाकी भरेपर्यंत शुक्रवारी पाणी कमी दाबाने येईल. उंचावरच्या आणि शेवटच्या टोकाच्या घरांना ते त्या दिवशी मिळेलच असे नाही. सुरुवातीला येणारे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. टँकरसाठी पाणीपुरवठा विभागात नाव नोंदवावे लागेल.

जलशुद्धीकरण केंद्राच्या विस्तारीकरणाचे भूमिपूजन शनिवारी आमदारांच्या हस्ते झाले. हे काम १८ महिन्यांत पूर्ण करायचे आहे. दररोज पाणी देण्यासाठी लागणाऱ्या दोन उंच टाक्या आणि अंतर्गत वाहिन्यांना मात्र सध्या फक्त प्रशासकीय मान्यता मिळाली आहे.’

७१२ शब्दांचे सव्वाशेच्या आसपास झाले. आता काय गेलं आणि का गेलं ते सांगतो, कारण फोन त्यासाठीच आला होता.

दीपप्रज्वलन, पुष्पहार, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार हे गेलं, कारण ते प्रत्येक कार्यक्रमात होतं. ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी बातमी करू. ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’ गेले, कारण ती पाठवणाऱ्याची मतं आहेत, मी सांगितलेली माहिती नाही. ‘सदर’, ‘सदरहू’, ‘या अनुषंगाने’ गेले, त्यांच्या जाण्यानं काहीच बिघडत नाही. ‘हाती घेण्यात येणार असून’ याचं ‘होणार आहे’ झालं. ‘आवाहन करण्यात आले आहे’ याच्या जागी कुणी सांगितलं ते आलं. अशा कर्तरीला कर्मणी करणाऱ्या वाक्यांत बोलणारा माणूस गायब होतो, आणि उद्या माहिती चुकीची निघाली तर विचारायचं कुणाला हेच कळत नाही.

‘नागरिकांमध्ये समाधानाचे वातावरण’ हे मात्र मी भरताड म्हणून काढलं नाही. ते खोटं असू शकतं म्हणून काढलं. नोट लिहिणाऱ्यानं किती नागरिकांना विचारलं होतं? मी तर कुणालाच विचारलं नव्हतं. माझ्या नावानं छापलं असतं तर तो दावा माझा झाला असता.

नावांचं दुखणं मला कळतं. छोट्या गावात नावं वाचायला लोक पेपर घेतात, हे कुणी नाकारू नये. वर्षभराच्या जाहिराती त्याच नावांकडून येतात, तेही खरं. म्हणून मी फोटो वेगळा दिला आणि फोटोखालच्या ओळीत व्यासपीठावरच्या पहिल्या रांगेची नावं दिली, आमदारांचं सगळ्यात आधी. फोन करणाऱ्यानं ती ओळ बघितली नव्हती. पाणी शोधणारा पाणी वाचेल, नाव शोधणारा फोटो बघेल. एकानं दुसऱ्याच्या वाटेत उभं राहू नये, एवढीच माझी सोय.

आता जे काढलं नाही त्याबद्दल, कारण कापण्यात खरी चूक तिथं होते. सातव्या परिच्छेदात ‘शहरवासीयांना लवकरच दररोज मुबलक पाणी’ असं होतं. त्यातलं ‘मुबलक’ काढून ‘शहराला लवकरच दररोज पाणी’ केलं असतं तर वाक्य सुटसुटीत झालं असतं, पान नंबर एकवर गेलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं. केंद्र मोठं झालं म्हणजे जास्त पाणी शुद्ध होईल. ते साठवायला टाक्या आणि घरापर्यंत न्यायला वाहिन्या लागतात. त्या कामाचं काय, असं अभियंत्यांना विचारल्यावर कळलं की त्याला फक्त प्रशासकीय मान्यता आहे. म्हणजे काम करावं हे तत्त्वतः ठरलं. त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग खोदकाम. प्रत्येक पायरीवर काम अडकू शकतं.

हे मी ठासून सांगतो, कारण यात मी एकदा तोंडावर पडलोय. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या नोटेत ‘कामास प्रशासकीय मान्यता प्राप्त’ असं होतं. जड वाटलं, म्हणून मी ‘रस्ता मंजूर’ केलं. दोन शब्द, सुंदर शीर्षक. त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना वाटलं, महिन्याभरात खोदकाम सुरू होईल. एकानं पावसाळ्याआधी माल हलवला. रस्ता व्हायला पुढं तीन वर्षं लागली. ‘प्रस्तावित’, ‘अंदाजे’, ‘तत्त्वतः’, ‘पहिल्या टप्प्यात’, ‘शासनाने निधी दिल्यास’ हे शब्द कंटाळवाणे आहेत, पण ते भरताड नाहीत. ते काढले की बातमी आखूड होत नाही, खोटी होते. आता मी कापताना प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारतो, हा गेला तर वाचणारा काही वेगळं करेल का? ‘दिमाखात’ गेला तर कुणी काही वेगळं करणार नाही. ‘फक्त प्रशासकीय मान्यता’ गेलं तर कुणीतरी दुकान हलवेल.

एवढं करूनही सोमवारच्या बातमीत एक भोक राहिलंच. साडेसातला कार्यकर्त्याचा फोन संपला आणि आठला वरच्या आळीतल्या एका ताईंचा आला. “टँकरसाठी नाव नोंदवा लिहिलंय. कुणाकडं? नंबर कुठाय?” मी दोनदा अभियंत्यांशी बोललो आणि नंबर विचारला नाही. ‘नाव नोंदवावे लागेल’ हे मीच लिहिलेलं वाक्य प्रेस नोटेच्या भाषेतलं होतं, ऐकायला पूर्ण आणि वापरायला निरुपयोगी. मंगळवारच्या अंकात नंबर चौकटीत दिला. एक दिवस उशिरा.

नोटा पाठवणाऱ्या सगळ्यांना, मग ते कार्यालय असो, मंडळ असो, पक्ष असो, माझं एक सांगणं आहे. दोन पानं लिहा, हरकत नाही. सगळी नावं द्या. फक्त पहिल्या दोन ओळींत एवढं लिहा की लोकांना कोणत्या तारखेला, कुठं, काय करायचं आहे किंवा काय मिळणार नाही, आणि विचारायचं असेल तर कोणत्या नंबरवर. ‘पुढील आठवड्यात’ न लिहिता वार आणि तारीख दोन्ही लिहा. वारात चूक झाली तर तारखेवरून सापडते. कार्यक्रमाचं वर्णन त्याखाली करा. आम्हाला रात्री फोन करावा लागणार नाही आणि तुमचं साहेबही खाली आनंदात राहील.

वाचणाऱ्यांनी एवढं करा. कुठल्याही भूमिपूजनाची, लोकार्पणाची, शिबिराची लांबलचक बातमी दिसली, आमच्या पेपरातली का असेना, तर आधी खालून तिसऱ्या परिच्छेदाकडं जा आणि ‘दरम्यान’ शोधा. सापडला, तर समजा की त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी घाईत होतं.

आमच्या गल्लीत शुक्रवारी पाणी आलं नाही. आम्ही उंचावर आहोत. शनिवारी पहाटे आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ. सोमवारी संध्याकाळी काकूंच्या दारात मी दोन पिंपं, सगळे हंडे आणि एक जुनी हौद भरलेली बघितली होती. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे. बातमीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. “शुक्रवारी येईलच असं नाही ना रे?” एवढंच विचारलं. म्हणजे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत त्या वाचत आल्या होत्या.